सुकलेली लेन्स आधी भिजवावी, मग काढावी

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात अडकते ती बहुतेक वेळा सुकल्यामुळे. या लेन्सचे प्लास्टिक पाणी धरून ठेवणारे असते. झेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी 1961 मध्ये नाताळच्या सुमारास घरीच, मुलांच्या खेळण्यातील जोडणीच्या भागांपासून यंत्र बनवून अशा लेन्स तयार केल्या. त्या प्लास्टिकमध्ये सुमारे 38 टक्के पाणी होते. आजच्या काही लेन्समध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते. या पाण्यामुळेच लेन्स मऊ राहते आणि डोळ्याला खुपत नाही. लेन्स आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, यांच्यामध्ये अश्रूंचा अगदी पातळ थर असतो. त्या थरावर लेन्स तरंगत राहते आणि पापणीची उघडझाप होताना किंचित वरखाली सरकते.

पाणी उडून गेले की लेन्स आक्रसते, तिची कड आवळली जाते आणि खालचा अश्रूंचा थर विरळ होतो. मग लेन्स कॉर्नियावर घट्ट बसते. वातानुकूलित खोली, डोळ्यांवर येणारा पंख्याचा वारा, संगणकाकडे टक लावून पाहताना कमी होणारी पापण्यांची उघडझाप, ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ घातलेली लेन्स ही त्याची नेहमीची कारणे. त्यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे लेन्स घालून झोपणे. झोपेत अश्रू कमी तयार होतात आणि पापणी हलत नाही. शिवाय कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो. मिटलेल्या पापणीखाली, त्यावर आणखी एका लेन्सखाली, तो प्राणवायू कमी पडतो. कॉर्निया थोडा सुजतो आणि त्याच्या वरच्या थरातील पेशींची पकड सैल होते.

अडकलेल्या लेन्सपेक्षा ती उपटून काढण्याची घाई डोळ्याला जास्त घातक ठरते, त्याचे कारण हेच आहे. सुकलेली लेन्स चिमटीत धरून ओढली, तर तिच्याबरोबर कॉर्नियाच्या पेशीही खरवडून निघतात. उघड्या पडलेल्या त्या जागेतून जंतू आत शिरतात. म्हणून लेन्स मोकळी होईपर्यंत तिला ओढायचे नाही, या एका नियमावर पुढची सगळी कृती उभी आहे.

पहिली भीती बहुतेकांना वाटते ती लेन्स डोळ्याच्या मागे निघून जाण्याची. तसे होऊ शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ ओलसर आवरण असते. तेच आवरण वर आणि खाली वळून पापण्यांच्या आतल्या बाजूला जाऊन मिळते. त्यामुळे पापणीखालची जागा तळाशी शिवलेल्या खिशासारखी बंद असते, आणि लेन्स गेली तर तेथपर्यंतच जाते. मात्र वरच्या पापणीखालची जागा बरीच खोल आहे आणि लेन्स तेथे दुमडून दीर्घकाळ लपून राहू शकते. इंग्लंडमधील सोलिहल येथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका 67 वर्षांच्या बाईंच्या एकाच डोळ्यात 27 लेन्स सापडल्या. त्यातल्या 17 एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. त्या सुमारे 35 वर्षे महिन्याच्या लेन्स वापरत होत्या आणि डोळ्यातल्या त्रासाचे कारण वय आणि कोरडेपणा असावे असे त्यांना वाटत होते. 2017 मध्ये हा प्रसंग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. लेन्स हरवत नाही, पण विसरली जाऊ शकते, एवढे त्यातून घ्यावे.

लेन्स काढायला जाण्याआधी ती खरोखर डोळ्यात आहे का आणि कोठे आहे, हे पाहणे गरजेचे आहे. ही पायरी गाळल्यामुळे होणारी इजा नेत्रतज्ज्ञांना नेहमी दिसते. लेन्स आधीच गळून उशीवर किंवा बेसिनमध्ये पडलेली असते आणि माणूस आरशासमोर उभा राहून कॉर्नियालाच चिमटे काढत असतो. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा डोळा हाताने झाकून दूरची पाटी किंवा घड्याळ पाहणे. नेहमी लेन्सने दिसते तितके स्पष्ट दिसले, तर लेन्स कॉर्नियावर आहे. चष्मा काढल्यावर दिसते तसे धूसर दिसले, तर ती बाजूला सरकली आहे, पापणीखाली गेली आहे किंवा पडून गेली आहे. मग चांगल्या उजेडात, आरशासमोर, खालची पापणी ओढून वर पाहावे, नंतर वरची पापणी उचलून खाली पाहावे, आणि डावीकडे-उजवीकडेही पाहावे. मऊ लेन्सचा व्यास साधारण 14 मिलिमीटर असतो, म्हणजे ती कॉर्नियापेक्षा थोडी मोठी असते. नीट बसलेली असेल तर बुबुळाच्या बाहेर, पांढऱ्या भागावर तिची गोल कड पुसटशी दिसते. बहुतेक लेन्सना हलकी निळसर झाक दिलेली असते, त्याचाही येथे उपयोग होतो.

भिजवण्यासाठी सलाईन वापरतात. डोळ्यासाठी हवे ते निर्जंतुक, 0.9 टक्क्यांचे नॉर्मल सलाईन, म्हणजे 100 मिलिलिटर पाण्यात 0.9 ग्रॅम मीठ असलेले. त्याचा खारटपणा अश्रूंच्या जवळपास असल्यामुळे ते डोळ्याला झोंबत नाही, आणि लेन्सलाही तिचे गेलेले पाणी परत मिळते. औषधांच्या दुकानात त्याच्या 5 किंवा 10 मिलिलिटरच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात आणि एका वेळेपुरत्या त्या सर्वांत सोयीच्या असतात. शिरेतून चढवतात ती 100 मिलिलिटरची बाटलीही चालते, पण तिला सुई टोचून डोळ्यावर धार सोडण्याची पद्धत धोक्याची आहे. सुई डोळ्याजवळ कधीही आणू नये. सलाईन निर्जंतुक सिरिंजमध्ये ओढून घ्यावे, सुई काढून टाकावी आणि मगच सिरिंज डोळ्याजवळ न्यावी. उघडलेली कुपी किंवा बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण त्यात जंतुनाशक नसते.

खरेदी करताना नुसते ‘सलाईन द्या’ म्हणणे पुरेसे नाही. लेबल वाचावे. वाफ घेण्याच्या यंत्रासाठी 3 टक्क्यांचे सलाईन मिळते आणि कॉर्नियाची सूज उतरवण्यासाठी 5 टक्क्यांचे डोळ्याचे थेंब मिळतात. दोन्ही डोळ्यातले पाणी ओढून घेतात, म्हणजे सुकलेल्या लेन्सला हवे त्याच्या नेमके उलट करतात. नाकात घालायच्या सलाईनमध्ये बहुधा परिरक्षक रसायन असते आणि ते लेन्समध्ये शोषले जाते. सलाईन मिळाले नाही, तर लेन्सवर घालता येतील असे लिहिलेले ओलाव्याचे थेंब चालतात. लेन्स धुण्याचे नेहमीचे बहुउपयोगी द्रावणही वेळ पडल्यास चालते, कारण त्याने ओली केलेली लेन्स एरवीही डोळ्यात जातेच. डोळ्याची लाली घालवणारे थेंब मात्र यासाठी नाहीत.

नळाचे पाणी अशा वेळी हाताशी असते, म्हणून मोह होतो. ते वापरू नये. त्यात मीठ जवळजवळ नसल्यामुळे लेन्स वेड्यावाकड्या आकाराने फुगते आणि उलट अधिक घट्ट बसू शकते. त्याहून गंभीर म्हणजे नळाच्या, विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. लेन्स वापरणाऱ्यांच्या कॉर्नियात तो शिरला की उपचार अनेक महिने चालतात आणि कधी कधी दृष्टी जाते. उकळून गार केलेल्या पाण्यात घरचे मीठ टाकून केलेले सलाईनही चालत नाही. मिठाचे प्रमाण अचूक साधत नाही आणि ते पाणी निर्जंतुक राहत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या विरघळवून घरी सलाईन करणाऱ्यांमध्ये अकँथअमिबाचा संसर्ग वाढल्याचे आढळले होते. थुंकी, गुलाबपाणी, मध यांनाही डोळ्यात जागा नाही.

आणखी एक बाटली वेगळी ओळखायला हवी. काही लेन्स हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्यात 3 टक्के पेरॉक्साइड असते आणि बाटलीचे तोंड सहसा लाल असते. खास डबीत ठरलेले तास, बहुधा किमान सहा, ठेवल्यावर त्याचे साध्या खारट पाण्यात रूपांतर होते. त्याआधी ते डोळ्यात गेले तर कॉर्निया भाजतो. ते चुकून पडलेच, तर लेन्स सहज निघत असेल तर लगेच काढून डोळा किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि नंतर डॉक्टरांना दाखवावा. या प्रसंगात सलाईन शोधत बसू नये, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने धुवावे. नळाचे पाणी टाळण्याचा नियम रसायन डोळ्यात गेल्यावर लागू होत नाही.

प्रत्यक्ष कृती समजण्यासाठी एक नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, पुण्याहून नागपूरला रात्रीच्या वातानुकूलित बसने निघालेल्या एका विद्यार्थिनीने लेन्स काढायचे राहून गेले. सकाळी सहाला जाग आली तेव्हा उजवा डोळा चिकटल्यासारखा वाटतो, थोडा लाल आहे, पण दुखत नाही आणि त्या डोळ्याने पाटी स्पष्ट वाचता येते. म्हणजे लेन्स कॉर्नियावरच आहे आणि सुकली आहे. बसमध्ये, हलत्या सीटवर, न धुतलेल्या हाताने काहीही करायचे नाही. घरी पोहोचेपर्यंत लेन्सवर चालणारे थेंब असतील तर ते घालून पापण्यांची उघडझाप करत राहावे.

घरी आल्यावर प्रथम हात साबणाने धुवायचे आणि नीट कोरडे करायचे, कारण ओल्या बोटांवर नळाचेच पाणी असते. पुसताना टॉवेलचा धागा बोटाला चिकटू देऊ नये. मग मान मागे आणि किंचित उजवीकडे कलती करून, डाव्या हाताने पापण्या उघड्या धरून, कुपीतले सलाईन डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून संथ धारेने काही सेकंद सोडायचे. कुपीचे तोंड डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागू द्यायचे नाही, आणि धार जोराने थेट बुबुळावर मारायची नाही. त्यानंतर डोळा मिटून, वरच्या पापणीवरून बोटाच्या पेराने अगदी हलके गोल फिरवत चोळायचे. पुढे पाच-एक मिनिटे थांबून उघडझाप करायची. घाई होते ती येथेच. प्लास्टिकला पाणी शोषून पुन्हा मऊ व्हायला वेळ लागतो आणि नुसती धार सोडून तो कमी होत नाही. दहा मिनिटे लागणे यात नवल नाही.

लेन्स सुटली हे ओळखायचे कसे? आरशात पाहत उघडझाप केली की ती पुन्हा किंचित सरकताना दिसते किंवा जाणवते. मग वर पाहायचे, तर्जनीचे पेर लेन्सच्या खालच्या भागावर हलके टेकवायचे आणि ती खाली पांढऱ्या भागावर सरकवायचा प्रयत्न करायचा. सरकली, तर तेथेच अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी हलकी चिमूट करून काढायची. लेन्सवर चिमूट करायची ती नेहमी पांढऱ्या भागावर, म्हणजे कॉर्नियाला बोट लागत नाही. नखे आणि चिमटा दोन्ही वर्ज्य. लेन्स जागची हलली नाही, तर ओढायचे नाही. पुन्हा सलाईन, पुन्हा मिटलेल्या पापणीवर हात, पुन्हा थांबणे. अशा तीन-चार फेऱ्यांत बहुतेक लेन्स मोकळ्या होतात. तरीही हलत नसेल, तर घरचा प्रयत्न तेथेच संपवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे योग्य.

बाजूला सरकलेल्या लेन्ससाठी दिशा लक्षात ठेवावी. लेन्स ज्या बाजूला गेली असेल, तिच्या विरुद्ध बाजूला पाहिले की ती दिसते आणि तिच्यापर्यंत पोहोचता येते. उजवीकडे गेली असेल तर डावीकडे पाहावे, वर गेली असेल तर खाली. वरच्या पापणीखालच्या लेन्ससाठी सलाईन घालून डोळा मिटावा, नजर खाली ठेवावी आणि पापणीवरून वरून खाली, कडेच्या दिशेने हलक्या हाताने बोट फिरवत राहावे. दुमडलेली लेन्स अशी सावकाश खाली येते. पापणी कापसाच्या काडीवर उलटवून पाहण्याची एक पद्धत आहे, परंतु ती सराव असलेल्या माणसाने करावी. स्वतःच्या डोळ्यावर पहिल्यांदाच ती करून पाहण्यात अर्थ नाही. लेन्स फाटून निघाली, तर तुकडे स्वच्छ पांढऱ्या ताटलीत जुळवून पाहावेत. एखादा तुकडा कमी असेल तर तो डोळ्यातच आहे असे धरून चालावे.

हे सारे मऊ लेन्सबद्दल झाले. कडक लेन्सची गोष्ट निराळी आहे. ती 9 ते 10 मिलिमीटरची, न वाकणारी असते. पांढऱ्या भागावर सरकून घट्ट बसली असेल, तर पापणीवरून चोळल्याने तिची कड डोळ्यावर घासते. तिच्यासाठी सलाईनने ओलावा द्यावा आणि स्वच्छ बोटाच्या पेराने लेन्सच्या कडेलगत पांढऱ्या भागावर हलका दाब द्यावा. कडेखाली अश्रू शिरले की पकड सुटते. अशा लेन्ससाठी रबराचे छोटे शोषकही मिळते. ते लेन्सच्या मधोमध टेकवून काढायचे असते. मात्र लेन्स दिसत नसताना ते कधीही डोळ्याला लावू नये, कारण ते कॉर्नियालाच चिकटून त्याला जखम करते.

लेन्स निघाल्यावरही डोळ्यात काहीतरी आहे असे वाटत राहणे साहजिक आहे. कॉर्निया किंचित खरचटला असेल, तर खुपण्याची ती जाणीव लेन्सच्या जाणिवेसारखीच असते. माणसाला वाटते की अजून तुकडा राहिला, आणि तो पुन्हा बोट घालून खरचटलेली जागा वाढवतो. लेन्स अखंड बाहेर आली असेल, तर डोळ्याला हात लावणे थांबवावे आणि चष्मा घालावा. काढलेली लेन्स त्या दिवशी पुन्हा घालू नये. रोज टाकायची असेल तर ती संपलीच. वरच्या थराचे लहानसे खरचटणे साधारण एक-दोन दिवसांत भरून येते. हलकी लाली आणि खुपणे तासागणिक कमी होत असेल, तर वाट पाहता येते. डोळा पूर्ण शांत होईपर्यंत, आणि त्यानंतरही एखादा दिवस, लेन्स घालू नये.

त्रास कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर थांबू नये. दुखणे वाढणे, लाली पसरणे, उजेड सहन न होणे, चष्मा लावूनही धूसर दिसणे, सारखे पाणी किंवा पिवळसर चिकट स्राव येणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे यांपैकी एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तर तातडीच्या विभागात, नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स वापरणाऱ्याच्या खरचटलेल्या कॉर्नियात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू शिरला, तर एक-दोन दिवसांतही मोठा व्रण होऊ शकतो. म्हणून ‘उद्या पाहू’ हा विचार येथे महाग पडतो. डोळा फारसा लाल नसताना असह्य दुखत असेल, तर अकँथअमिबाची शंका घ्यावी लागते. तीन-चार फेऱ्यांनंतरही न सुटलेली लेन्स, डोळ्यात राहिलेला तुकडा, किंवा लेन्स बाहेरही सापडत नाही आणि डोळ्यातही दिसत नाही अशी स्थिती, ही दुखत नसतानाही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दुकानातून आणलेले किंवा घरात उरलेले थेंब घालू नयेत. लाल डोळ्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक थेंबांमध्ये स्टिरॉइड असते. त्याने लाली आणि दुखणे तात्पुरते दबते, पण आत संसर्ग असेल तर तो फोफावतो. बधिर करणारे थेंबही डॉक्टरांच्या हातूनच घ्यायचे असतात. घरी वारंवार घातले तर जखम भरत नाही. अशा डोळ्यावर घट्ट पट्टी बांधणेही टाळावे, कारण उबदार बंद जागेत जंतू वाढतात.

तपासणीला फार वेळ लागत नाही. डॉक्टर डोळा बधिर करून पापणी उलटवतात आणि स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकातून पाहतात. फ्लुओरेसिन हा पिवळा रंग घालून निळा प्रकाश टाकला की खरचटलेली जागा हिरवी चमकते. हाच रंग मऊ लेन्समध्ये शोषला जात असल्यामुळे पापणीच्या घडीत लपलेला पारदर्शक तुकडाही उजळून दिसतो. रंगलेली लेन्स मात्र टाकून द्यावी लागते. जाताना काढलेली लेन्स, तिची डबी आणि वापरलेले द्रावण घेऊन जावे, डबी धुऊ नये. व्रण झाला असेल तर कॉर्नियाच्या नमुन्याबरोबर त्या डबीतूनही जंतू तपासता येतात, आणि कोणते औषध लागू पडेल हे ठरवायला त्याची मदत होते.